पाऊस लागला की कोकम सरबताच्या बाटल्या फसफसतात: चूक कुठे शोधायची

खानापूर तालुक्यात कोकम सरबत करणाऱ्या घरांतून दर वर्षी एकच तक्रार येते. एप्रिल-मेमध्ये केलेला माल उत्तम असतो, रंग लालभडक, चव नेमकी. मग मिरग लागतो, आणि आषाढ उजाडेपर्यंत बेळगावच्या दुकानदाराचा फोन येतो की तुमच्या बाटल्यांची झाकणं फुगली आहेत, एक तर उघडताना उडालीच. सगळ्याच बाटल्या बिघडलेल्या नसतात. त्याच डब्यातल्या, त्याच दिवशी भरलेल्या काही बाटल्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत राहतात. म्हणूनच बहुतेक जण हवेला दोष देतात, बाटलीला देतात, नाहीतर "यंदा प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलं" म्हणून पुढच्या वर्षी चिमूटभर जास्त टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं.

मी या लेखात फक्त साखरेत मुरवलेल्या कोकम सरबताबद्दल बोलतो आहे, ज्यात पाणी घालून आपण पितो ते दाट सरबत. मिठातलं आगळ वेगळं, त्याचे त्रासही वेगळे.

आधी बाटली खरोखर आंबली आहे का ते बघा. दाट सरबत ओतताना हवा अडकते आणि पहिल्या दिवशी गळ्याशी बुडबुडे दिसतात. ते एक-दोन दिवसांत जिरतात आणि परत येत नाहीत. आंबलेल्या बाटलीत बारीक बुडबुड्यांची माळ खालून वर चढत राहते, बाटली हलवली की फेस येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जमतो. झाकण सैल केलं की 'फुस्स' होतं आणि वास दारूसारखा आंबूस येतो. प्लॅस्टिकची बाटली असेल तर अंगठ्याने दाबून कळतं, ती दगडासारखी घट्ट लागते. तळाशी पांढरी कणी बसली असेल आणि बाकी काही नसेल, तर ते आंबणं नव्हे, ती न विरघळलेली साखर आहे. पण ती खूण लक्षात ठेवा, कारण या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा त्या कणीतच असतं.

कोकम इतकं आंबट असतं की त्यात साधे जंतू टिकत नाहीत. टिकतं ते यीस्ट, आणि ते फळाच्या सालीवर जंगलातूनच बसून आलेलं असतं. त्याला आंबटपणाचं काही वाटत नाही. त्याला रोखते ती साखरेची दाटी. शंभर भाग सरबतात साधारण ६५ भाग विरघळलेला गोडवा असेल, म्हणजे व्यवहारात ज्याला ६५ ब्रिक्स म्हणतात, तर यीस्टला लागणारं पाणी साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की बहुतेक यीस्टची वाढच होत नाही. फळांच्या सिरपला ६५ ची अट सरकारी नियमांतही आहे, ती उगाच नाही. तोच आकडा ६० वर आला की काम सैल पडतं. ५८ वर तर उन्हाळ्याच्या उबेत काही आठवड्यांतच सुरुवात होते.

आता खरी मेख. आपण सरबत प्रमाणावर करतो, दाटी मोजून करत नाही. "एकास दीड" किंवा "एकास दोन" असं आईने सांगितलेलं असतं, म्हणजे एक किलो सालींना दीड किंवा दोन किलो साखर. प्रमाण पाळलं की काम झालं असं वाटतं. पण प्रमाण सांगतं तुम्ही भांड्यात किती साखर टाकली. त्यातली किती विरघळली, आणि ती कुठल्या थरात आहे, हे प्रमाण सांगत नाही.

हिशेब मांडून बघू. ताज्या कोकमाच्या सालीत साधारण ८० टक्के पाणी असतं. दहा किलो साली घेतल्या तर त्यात आठ किलो पाणी आलं. सालीचा स्वतःचा गोडवा आणि आंबटपणा मिळून सुमारे एक किलो धरा. त्यात १५ किलो साखर घातली आणि सगळी विरघळली, तर १६ किलो विरघळलेला भाग आणि ८ किलो पाणी, म्हणजे दाटी सुमारे ६६. बरोबर काठावर. २० किलो साखर घातली तर कागदावर ७२ येते, पण साध्या पाण्यात, घरच्या तापमानाला, साखर ६७ च्या आसपासच विरघळते. कोकमाच्या आंबटपणामुळे साखर हळूहळू फुटते आणि मग थोडी जास्त विरघळते, पण त्याला वेळ लागतो. तोवर उरलेली साखर तळाशी बसून राहते. आणि महागाईत काटकसर म्हणून १० किलोवरच भागवलं, तर सगळी विरघळूनही दाटी ५८. त्या सरबताला कुठलाच उपाय वर्षभर टिकवणार नाही, ते तर थोड्याच आठवड्यांत पिऊन संपवायचं सरबत आहे.

म्हणजे एकास दीडचं प्रमाण कागदावर पुरतं, पण त्यात हात सैल सोडायला जागा नाही. थोडं पाणी जास्त आलं, थोडी साखर तळाशी राहिली, की आपण काठाच्या खाली.

आमच्या ओळखीतल्या जांबोटीकडच्या एका काकूंचा माल असाच परत आला होता. दहा किलो साली, १५ किलो साखर, स्टीलचा पिंप, तोंडाला फडकं बांधलेलं. आठवडाभर मुरवलं, रोज सकाळी ढवळलं, मग वरून पळीने घेत गाळून बाटल्या भरल्या. माझं पहिलं विचारणं होतं, बाटल्यांवर भरल्याचा क्रम लिहिला होता का? लिहिला होता, हे त्यांचं खरं कौतुक. आधी भरलेल्या बाटल्या फुगल्या होत्या, शेवटच्या सगळ्या चांगल्या होत्या. एवढ्यावरूनच अर्धं उत्तर मिळालं.

"अहो, पण साखर तर सगळ्यात सारखीच पडली ना?" काकू म्हणाल्या.

पडली सारखी, पण बसली सारखी नाही. त्याच पद्धतीने मुरत असलेला त्यांचा दुसरा पिंप अजून गाळायचा होता. तो न ढवळता, वरच्या थराचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबावरून दाटीचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर, ठेवला तर आकडा ५८ आला. तळातला घेतला तर ६८. पळीने तळ खरवडला तर ओल्या साखरेचा बोटभर थर हाताला लागला. दाट पाक जड असतो, तो खाली राहतो, आणि सालींतून सुटणारं पाणी हलकं म्हणून वर. सकाळी एकदा ढवळून दिवसभर सोडलं की संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. वरून पळीने घेऊन भरत गेलं की पहिल्या बाटल्यांत पातळ सरबत जातं आणि शेवटच्या बाटल्यांत दाट. दोन्ही बाटल्यांवर लेबल एकच.

पिंप खालपासून नीट ढवळून पुन्हा मोजलं तर ६१ आलं. हिशेब जुळतो: साधारण दोन किलो साखर तळाशी राहिली, आणि धुण्याचं पाऊण-एक किलो पाणी सालींबरोबर आत गेलं. १४ किलो विरघळलेला भाग, पावणेनऊ किलो पाणी, दाटी ६१ च्या जरा वर.

हे धुण्याचं पाणी कुठून येतं, तेही त्यांच्या अंगणातच दिसलं. फळं आधी चिरून, बिया काढून, मग साली धुतल्या जात होत्या. चिरलेलं कोकम म्हणजे छोटी वाटीच असते. धुतल्यावर प्रत्येक वाटीत थोडं पाणी बसून राहतं, आणि टोपलीत निथळत ठेवलं तरी एकमेकांत अडकलेल्या वाट्यांतून ते निघत नाही. म्हणून फळ अख्खं असताना धुवायचं, कापडावर पसरून साल वरून कोरडी होऊ द्यायची, आणि मगच चिरायचं. चिरल्यावर पाणी लावायचं नाही. वळिवाच्या पावसानंतर झाडाखाली पडलेली, फुटलेली फळं तर सरबताला घेऊच नका. त्यांनी पाणीही पिलेलं असतं आणि फुटलेल्या जागी यीस्टने आधीच घर केलेलं असतं. ती मीठ लावून आमसुलाला वापरता येतात, तेही उन्हाची खात्री असेल तर.

पिंप सुधारायला काय केलं, ते सविस्तर सांगतो, कारण हे कुणालाही करता येईल. साली गाळून बाजूला काढल्या, सरबत सुमारे १७ किलो भरलं. ६१ वरून ६६ वर न्यायचं होतं. किती साखर लागेल याचा हिशेब असा: सरबताचं वजन गुणिले जितके अंश वाढवायचे ते, भागिले शंभरातून हवा तो आकडा वजा करून जे उरेल ते. १७ गुणिले ५ म्हणजे ८५, भागिले ३४, म्हणजे अडीच किलो. त्यातली दोन किलो तर तळाशीच पडून होती. ती खरवडून घेतली, अर्धा किलो नवीन घातली. ती विरघळवायला सरबत उकळायचं नाही, कारण कोकमाचा लाल रंग उष्णतेने तपकिरी पडतो. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात सरबताचं स्टीलचं भांडं, थर्मामीटर ६० अंशांच्या पुढे जाऊ न देता सतत ढवळणं. साखरेचा शेवटचा कण जाईपर्यंत. मग गार करून पुन्हा मोजणं, वरून एकदा आणि तळातून एकदा. दोन्ही आकडे सारखे आले आणि ६५ च्या वर असले तरच बाटली हातात घ्यायची.

ही दुहेरी मोजणी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एकच थेंब घेऊन मोजणारे लोक फसतात, कारण थेंब बहुतेक वेळा हाताला लागतो तो तळाकडचा किंवा नुकत्याच ढवळलेल्या सरबताचा.

रिफ्रॅक्टोमीटर विकत घेताना एक पाहा. बाजारात सहज मिळणारा ० ते ३२ ब्रिक्सचा असतो, उसाच्या रसाला वापरतात तोच. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांमुळे तो कुठेही मिळतो, पण सरबताला त्याचा उपयोग शून्य, काच नुसती एकाच रंगाची दिसेल. ० ते ९० चा मागा. साध्या डिस्टिल्ड पाण्यावर त्याचा आकडा शून्य येतो का, हे दर वेळी बघता येतं. थेंब गार करून ठेवा, गरम थेंबाचा आकडा खोटा येतो. सालीचे बारीक तुकडे काचेवर आले तर रेघ धूसर दिसते, म्हणून मलमलीच्या कापडातून गाळलेला थेंब घ्या.

यंत्र नसेल तर वजनकाट्यावरही काम होतं. एक काचेची बाटली घ्या, रिकामी तोला. तिच्यात बरोबर ५०० ग्रॅम साधं पाणी भरा आणि पाण्याच्या पातळीवर पक्की खूण करा. पाणी ओतून बाटली पूर्ण कोरडी करा आणि त्याच खुणेपर्यंत गार सरबत भरून तोला. बाटलीचं वजन वजा करून सरबत ६५८ ग्रॅमच्या आसपास भरलं तर दाटी ६५ आहे. ६४३ भरलं तर ६०. ६२९ भरलं तर ५५. अंतर दहा-पंधरा ग्रॅमचं आहे, म्हणून ग्रॅमचा डिजिटल काटा हवा आणि फेस बसू दिलेला हवा. फेसाने वजन कमी दाखवलं तर निदान चूक सुरक्षित बाजूला होते. यंत्राइतकं नेमकं नाही, पण ५८ चं सरबत ६५ चं समजून भरण्याची चूक यात होणार नाही.

आता दुसरं कारण, आणि हे आमच्या घाटमाथ्याचं खास आहे. कणकुंबी, आमगाव, चोर्ला या पट्ट्यात पाऊस लागला की हवाच ओली होते. मीठ पाझरतं, पापड वाकतात, हे आपण रोज बघतो. दाट साखरेचं सरबतही तसंच वागतं. ६५ दाटीचं सरबत हवेतली आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतून पाणी ओढायला लागतं. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या वरच असते. हे पाणी पृष्ठभागावर येतं, म्हणून पिंपातला वरचा वीतभर थर नाही, नुसता बोटाच्या पेराएवढा थर पातळ होतो. बाकी सरबत ६६ असलं तरी त्या थरात यीस्टला घर मिळतं, आणि एकदा वाढायला लागलं की ते स्वतः पाणी तयार करत खाली सरकतं.

म्हणून फडकं बांधून मुरवत ठेवण्याची जुनी पद्धत उन्हाळ्यापुरती ठीक आहे. वैशाखात हवा कोरडी असते, उलट थोडं पाणी उडूनच जातं. तीच पद्धत जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेल्या शेवटच्या पिंपाला चालत नाही. वळीव सुरू झाल्यावर लावलेला पिंप घट्ट झाकणाचा हवा, आणि ढवळायला उघडला की लगेच बंद. मोठ्या ड्रममध्ये साठवून गिऱ्हाईक येईल तशी बाटली भरून देण्याची सवय असेल, तर ती पावसाळ्यात पूर्ण बंद करा. प्रत्येक उघडणं म्हणजे ओल्या हवेचा एक घोट आत. मे अखेरीसच सगळा माल लहान बाटल्यांत बंद करून टाकणं महाग वाटतं, बाटल्यांचे पैसे एकदम जातात, हे मान्य. पण परत आलेल्या मालापेक्षा ते स्वस्त पडतं.

तिसरी जागा म्हणजे बाटलीचा गळा. जुन्या काचेच्या बाटल्या धुऊन उलट्या ठेवल्या तरी आतल्या खांद्याशी पाण्याचे थेंब चिकटलेले असतात. तुम्ही वरून दाट सरबत ओतलंत की ते खाली बसतं आणि पाणी वर येऊन नेमकं गळ्यात साठतं. चमचाभरही पुरतं. म्हणूनच कित्येक बाटल्यांत बाकी सरबत चांगलं आणि गळ्याशी पांढरी कड किंवा फेसाचा गोल दिसतो. बाटल्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक केल्यावर उन्हात किंवा मंद गरम ओव्हनमध्ये आतून पूर्ण कोरड्या होऊ द्या. गरम सरबत भरणारे आणखी एका फेऱ्यात अडकतात. गरम भरलं, झाकण लावलं, तसंच उभं गार होऊ दिलं, की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थंड होऊन थेंब बनते आणि तेच थेंब गळ्यात पडतात. गरम भरायचं असेल तर झाकण लावताच बाटली दोन-तीन मिनिटं आडवी ठेवा, गरम सरबत झाकणाला आतून लागू द्या, मग उभी करा.

गरम भरावं की थंड, यावर आमच्याकडेच दोन मतं आहेत. माझं म्हणणं असं: कोरड्या उन्हात केलेला, मोजून ६६ आलेला माल थंडच भरा, रंग जास्त टिकतो. वळिवानंतरच्या फळांचा, थोडी शंका असलेला माल मात्र ८० अंशांपर्यंत तापवून, काही मिनिटं तिथेच ठेवून, गरम काचेच्या बाटलीत गरमच भरा. रंग थोडा उतरेल, पण यीस्ट मरेल. तापवण्याने फक्त यीस्ट मरतं, दाटी वाढत नाही. ६० च्या सरबताला तापवून झाकण लावलं तरी गिऱ्हाईकाने बाटली उघडल्यावर आठवडाभरात तेच होणार. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम भरायचं नाही, ती वाकडी होते.

भांड्यांबद्दल एवढंच की ॲल्युमिनियम, लोखंड, कलईशिवायचं तांब-पितळ कोकमाजवळ नको. कोकमाचं आम्ल धातू खातं, चव बिघडते आणि रंग काळवंडतो. पत्र्याचं झाकण असेल तर आतून अस्तर असलेलंच घ्या, नाहीतर काही महिन्यांत झाकणाच्या कडेला गंज उतरतो आणि तिथून हवा शिरते.

आता प्रिझर्व्हेटिव्हकडे येऊ, कारण चिमूटभर जास्त टाकण्याची सवय इथेच लागते. कोकमाला केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वापरू नका. आंब्याच्या रसाला ते चालतं, म्हणून दोन्ही करणारे लोक एकाच डब्यातून दोन्हीकडे टाकतात. पण त्यातला गंधक कोकमाचा लाल रंग फिका करतो, आणि लाल रंग गेल्यावर कोकमात विकायला उरतं काय? कोकमाला सोडियम बेंझोएट. मर्यादा एका किलोला ६०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल इतकी आहे. सोडियम बेंझोएटची पावडर किलोला ६०० मिलिग्रॅम धरली की आपण त्या मर्यादेच्या आतच राहतो. १७ किलो सरबताला सव्वादहा ग्रॅमच्या आत. चमच्याने अंदाज नको, सोनाराकडे असतो तसा लहान काटा घ्या.

ते कसं मिसळता यावरही बरंच अवलंबून आहे. पावडर थेट दाट सरबतात टाकली तर ती गोळा होऊन राहते, आणि आम्लात पांढरे कण होऊन बसते. मग एका बाटलीत मर्यादेच्या दुप्पट आणि दुसरीत काहीच नाही. आधी पाव वाटी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग सरबत ढवळत ढवळत बारीक धारेने सोडा आणि आणखी दहा मिनिटं ढवळा. त्या पाव वाटी पाण्याने सतरा किलोत दाटी फारशी हलत नाही. पण मोजणी त्यानंतर करा, आधी नाही. लेबलवर प्रिझर्व्हेटिव्ह असल्याचं लिहिणं बंधनकारक आहे, ते लपवू नका. आणि हे पक्कं समजून घ्या की बेंझोएट यीस्टला अडवतं, मारत नाही. साखरेत वाढणारे काही यीस्ट तर त्याला दादच देत नाहीत. ५८ च्या सरबतात बेंझोएट टाकून पावसाळा काढता येईल ही आशा सोडा.

काही घरं सरबतातच मीठ आणि जिरेपूड घालून भरतात. चवीला सुरेख लागतं. पण मीठ पाण्यात कालवून घालू नका, कोरडं घाला. जिरं कोरडंच खमंग भाजून, गार करून, ताजं कुटून घाला. बाजारातल्या कच्च्या पुडीबरोबर बुरशीचे बीज येतात. मिठाचाही आकडा रिफ्रॅक्टोमीटरमध्ये धरला जातो, म्हणून साखरेचा खरा अंदाज हवा असेल तर मीठ घालण्याआधी मोजा.

माल दुकानात पाठवण्याआधी प्रत्येक पिंपाची एक बाटली घरात ठेवून द्या, फ्रिजमध्ये नाही, स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात, चुलीजवळच्या फळीवर. पंधरा दिवस. ही बाटली पिंपातून सगळ्यात आधी भरलेली, म्हणजे वरच्या थराची असू द्या. चूक असेल तर ती पहिल्यांदा इथेच दिसते. पंधरा दिवसांत गळ्याशी बुडबुडा नाही, झाकण सपाट, वास स्वच्छ, तर तो पिंप जाऊ दे बेळगावला. बिघडली तर त्या पिंपाच्या बाकी बाटल्या अजून तुमच्याच घरात असतात. एवढ्यासाठी बाटलीवर पिंपाचा नंबर आणि भरण्याचा क्रम लिहिलेला हवा. वहीत त्या नंबरापुढे साली किती, साखर किती, वरचा आकडा, तळाचा आकडा, पाऊस पडला होता का, एवढं टिपा.

बाटल्या ठेवायच्या त्या अंधाऱ्या खोलीत, खोक्यात. उजेडाने रंग उडतो, आणि दुकानदाराला हे सांगावं लागतं, कारण तो बाटल्या काउंटरवर उन्हात मांडतो आणि दिवाळीपर्यंत सरबत विटकरी झालं की आपल्याला बोलतो. रंग उतरलेलं सरबत आंबलेलं नसतं, पिता येतं, पण ते विकलं जात नाही.

आणि परत आलेल्या फुगलेल्या बाटल्यांचं काय करायचं? पुन्हा साखर घालून, उकळून, नव्या बाटलीत भरून विकायच्या नाहीत. दारूचा वास उकळून पूर्ण जात नाही, आणि गिऱ्हाईकाच्या जिभेला तो बरोबर सापडतो. काचेची फुगलेली बाटली घरात लहान मुलांसमोर उघडू नका. तिच्यावर ओलं जाड फडकं गुंडाळा, अंगणात नेऊन झाकण जरा जरा सैल करत गॅस जाऊ द्या, तोंड स्वतःकडे धरू नका. सरबत ओतून द्या. ती बाटली आणि झाकण नव्या मालाच्या जवळही आणू नका. बाटली पुन्हा वापरायची तर वेगळी धुऊन, उकळून, पूर्ण वाळवून. झाकण मात्र फेकून द्यायचं.

गाळल्यावर उरलेल्या गोड सालींबद्दल बरेच जण विचारतात. त्यात तेवढ्याच दाटीचं सरबत मुरलेलं असतं, म्हणून त्या तशाच डब्यात ठेवल्या तर त्यांचंही तेच होतं. मेच्या उन्हात चिकटपणा जाईपर्यंत वाळल्या तर टिकतात. जूनमध्ये गाळल्या असतील तर वाळणार नाहीत, त्या लगेच घरच्या चटणीत, आमटीत वापरून संपवा.